स्कॉलरशिपचं पत्र इंग्रजीत आलंय, होकार कसा कळवू?

*ताई, माझ्या मुलीला मुंबईच्या एका ट्रस्टची स्कॉलरशिप लागली. पत्र इंग्रजीत आहे, फोटो काढून पाठवतेय. मुलगी रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, मिस्टर ट्रॉलरवर, घरात नीट वाचून सांगणारं कोणी नाही. सरकारची मुलींची फी माफी पण तिला लागलीय, ते सांगितलं तर ही स्कॉलरशिप जाईल अशी भीती वाटते. शेजारचे म्हणतात सांगूच नको. अटी काय आहेत ते मराठीत सांगा आणि होकाराचं पत्र लिहून द्या.*
*– एक आई, मालवण तालुका*

वहिनी, तारखेचं तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय, पण इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे पुन्हा लिहिते. पत्रावर तारीख आहे १८ ऑगस्ट, तुमच्या हातात आलं २५ ला, आणि वरच्याच परिच्छेदात लिहिलंय की पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत उत्तर त्यांच्या ऑफिसात पोचलं पाहिजे. म्हणजे दिवस मोजायचे ते पोस्टमन आला त्या दिवसापासून नाही. १८ तारीख सोडून मोजलं तर २ सप्टेंबर येतो, ती धरून मोजलं तर १ सप्टेंबर, आणि ऑफिसातला माणूस कुठल्या पद्धतीने मोजतो ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून १ तारीखच धरून चाला. शिवाय पोस्टात टाकलं म्हणजे झालं असंही नाही, पोचलं पाहिजे म्हटलंय. म्हणून पत्र सही करून स्कॅन करायचं, पत्रावर छापलेल्या ईमेलवर आजच पाठवायचं, आणि तेच मूळ कागद स्पीड पोस्टनेही टाकायचे. ईमेल वेळेत गेला हा पुरावा, कागद मागून पोचले तरी बिघडत नाही, पण एकदा ऑफिसात फोन करून ईमेल मिळाला का ते विचारा आणि कोणाशी बोललात ते नाव वहीत लिहून ठेवा.

आता फोटोबद्दल, कारण सगळ्या भाषांतराचा पाया तोच आहे. तुमच्या पहिल्या फोटोत अंगठा बरोब्बर अट क्रमांक २ च्या कोपऱ्यावर आला होता, आणि घडीची सावली रकमेवरून गेली होती, त्यामुळे आकडा ४०,००० आहे की १०,००० ते मला सांगता येईना. शेजारी रक्कम अक्षरात होती म्हणून ४०,००० ची खात्री पटली, पण अंगठ्याखाली काय होतं ते अंदाजाने लिहायला मी नकार दिला, आणि ते बरंच झालं, कारण तिथेच अर्धी रक्कम परत करायची आहे असं लिहिलेलं होतं. आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात १/२ होतं, म्हणजे मागे दुसरं पान होतं, तुम्ही फक्त समोरचं पाठवलं होतं. असं खूप जणांचं होतं. कागद खळ्यात उजेडात सपाट ठेवायचा, फोन बरोब्बर वर धरायचा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो काढायचा, आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि बारीक आकडे चिकटतात.

दुसऱ्या वेळचे फोटो स्वच्छ आले. अटी सहा आहेत, मी मूळ पत्रातलेच क्रमांक ठेवलेत, ते बदलू नका, कारण उत्तरात आपण त्याच क्रमांकांनी बोलणार आहोत.

पहिली अट रकमेची. दरवर्षी ४०,००० रुपये, इंजिनिअरिंगची चार वर्षं, मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात दोन हप्त्यांत. पहिला हप्ता कॉलेजचं बोनाफाईड आणि फीची पावती मिळाल्यावर. पैसे शिक्षणासाठी आणि राहण्या-जेवण्यासाठी वापरायचे, असं म्हटलंय.

दुसरी अट अंगठ्याखालची. त्या ४०,००० पैकी २०,००० बक्षीस, म्हणजे परत करायचे नाहीत, आणि २०,००० बिनव्याजी कर्ज. चार वर्षांचे मिळून कर्ज ८०,००० होतं. शिक्षण संपल्यावर एक वर्ष सूट, त्यानंतर महिन्याला २,००० प्रमाणे ४० हप्ते, म्हणजे तीन वर्षं चार महिने. वहिनी, हे वाचून घाबरू नका, बिनव्याजी पैसे कुठे मिळत नाहीत आणि मुंबईचे बरेच जुने ट्रस्ट अशीच अर्धी किंवा पूर्ण परतफेडीची शिष्यवृत्ती देतात म्हणजे पुढच्या पोरांना तेच पैसे फिरतात. पण घरात सगळ्यांना हे आत्ता कळलं पाहिजे, मिस्टरांना पण, आणि मुलीला तर आधी, कारण फेडायचं तिला आहे. १,६०,००० मिळाले असं गावात सांगू नका, ८०,००० मिळाले आणि ८०,००० वापरायला मिळाले असं धरा.

तिसरी अट पुढच्या वर्षाची. दर वर्षाच्या निकालात सगळे विषय पास आणि ६० टक्के, तरच पुढच्या वर्षाचे पैसे. एखाद्या विषयाला केटी लागली तर त्या वर्षाचा हप्ता बंद. इंजिनिअरिंगला हल्ली मार्कशीटवर टक्के नसतात, पॉइंट असतात, तेव्हा पहिला निकाल लागला की कॉलेजच्या परीक्षा विभागातून टक्क्यांत रूपांतर केल्याचं पत्र घ्यायचं, आपल्या मनाने गुणाकार करून लिहायचं नाही. हे पुढचं आहे, आत्ताच्या उत्तरात नको.

चौथी अट तुमच्या भीतीची. त्यात म्हटलंय की शिकण्यासाठी दुसरीकडून, सरकारकडून किंवा खासगी, काही मदत मिळत असेल तर ती लेखी कळवायची, त्याच कारणासाठी दुसरी शिष्यवृत्ती ट्रस्टच्या लेखी परवानगीशिवाय घ्यायची नाही, आणि लपवल्याचं कळलं तर दिलेली सगळी रक्कम एकदम परत मागता येईल. पाचवी अट, मधेच शिक्षण सोडलं किंवा न कळवता कॉलेज बदललं तर तीन महिन्यांत सगळे पैसे परत, बक्षिसाचा भाग धरून. सहावी, पहिल्या हप्त्याच्या आधी हमीपत्र द्यायचं, त्यावर मुलगी, पालक आणि घराबाहेरचा एक जामीनदार यांच्या सह्या. शेवटी एक ओळ आहे की उत्तर इंग्रजी, हिंदी किंवा मराठीत चालेल. म्हणून आपण मराठीतच लिहू, कुणाकडून मोडकंतोडकं इंग्रजी करून घेऊ नका, सही करणाऱ्याला स्वतःचं पत्र वाचता आलं पाहिजे.

आता चौथ्या अटीवर जरा थांबते. शेजारचे म्हणतात सांगू नका, आणि मला ते अजिबात पटत नाही. पहिलं म्हणजे लपणार नाही. ट्रस्ट फीची पावती मागतोय, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे हे मुंबईच्या ट्रस्टच्या माणसाला नक्की माहीत असतं. तुमच्या मुलीची पावती मी पाहिली, तिच्यात ट्युशन फीच्या रकान्यासमोर भरलेली रक्कम शून्य आहे. ती पावती जोडून वर दुसरी मदत नाही असं लिहायचं म्हणजे स्वतःच्याच कागदाने स्वतःला खोटं पाडायचं.

दुसरं, नीट बघितलं तर दोन मदतींची कारणं बरीचशी वेगळी आहेत. सरकार माफ करतं ते ट्युशन आणि परीक्षा फी. त्याच पावतीवर डेव्हलपमेंट फी वेगळी भरलीय, हॉस्टेलचे पैसे भरलेत, मेसचा खर्च दर महिन्याला आहे, हे फी माफीत येत नाही. ट्रस्टचे पैसे यासाठी लागणार आहेत, आणि ट्रस्टच्या पहिल्या अटीत राहण्या-जेवण्याचा खर्च धरलेला आहे. म्हणजे एकाच खर्चाला दोन जागचे पैसे होत नाहीत. हे आपण उत्तरात सरळ सांगायचं, तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तुम्ही तोच झाकायला निघाला होतात. हॉस्टेलचा सरकारी निर्वाह भत्ता म्हणून महाडीबीटीवर दुसरा अर्ज भरला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तो आणि ट्रस्टचे पैसे एकाच कारणावर येतात, तेव्हा मुलीला आज रात्री फोन करून विचारा की पोर्टलवर नेमके कुठले अर्ज केलेत. असा अर्ज असेल तर तोही पत्रात लिहायचा.

आणि समजा ट्रस्टने म्हटलं, दोन्हीतलं एकच घ्या, तर? तर फी माफी सोडायची नाही. ट्रस्टची वर्षाची खरी भेट २०,००० आहे, उरलेले फेडायचे आहेत, आणि तुमच्या पावतीवर माफ झालेली ट्युशन फी त्याच्या कितीतरी पट आहे. हा हिशोब आधीच करून ठेवा म्हणजे फोनवर कुणी विचारलं तर गोंधळ होणार नाही.

आता उत्तर कसं लिहायचं. इथे बहुतेक लोक एक गोष्ट करतात ती तुम्ही करू नका, ते लिहितात की फी माफी चालत असेल तर आम्ही स्वीकारतो. हा होकार नाही. अर्धे पैसे परतफेडीचे आहेत म्हणजे हा करार आहे, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७ मध्ये स्पष्ट आहे की होकार पूर्ण आणि बिनशर्त पाहिजे, त्याला तुमची अट जोडली की तो तुमचा नवीन प्रस्ताव होतो आणि समोरचा तो नाकारून तुमची जागा वेटिंगवरच्या मुलाला देऊ शकतो. मग परवानगी मागायची कशी? चौथ्या अटीतच कळवायची आणि परवानगी मागायची सोय दिलेली आहे ना, ती वापरायची. आधी एक वाक्य निखळ होकाराचं, त्याच्यावर पूर्णविराम. मग वेगळ्या परिच्छेदात, अट क्रमांक ४ प्रमाणे कळवते, असं म्हणून माहिती आणि विनंती. अशाने तुम्ही अट बदलायला सांगत नाही, अट पाळताय.

दुसरी गोष्ट, मी केलेलं भाषांतर चुकलं असेल तर ते कळायचं कसं? रक्कम आणि परतफेड आपल्याला समजली तशी उत्तरात आकड्यांसकट लिहून टाकायची. ऑफिसात ते वाचणारा माणूस तफावत असेल तर लगेच कळवेल, आणि नाही कळवलं तर आपण काय समजून सही केली ते कागदावर राहील. फोटोवरून वाचलेल्या पत्राला हे करायलाच हवं.

पत्र मुलीच्या नावाने जाईल. तिला १८ वर्षं नोव्हेंबरात पूर्ण होतायत, तोवर तिच्या एकटीच्या सहीवर करार बांधील होत नाही, म्हणून खाली पालकाची सही पाहिजे, आणि अर्जावर पालक म्हणून तुमची सही होती तर इथेही तुमचीच, मिस्टर किनाऱ्याला यायची वाट बघत बसू नका. मजकूर असा:

*प्रति,*
*मा. सचिव, (ट्रस्टचं नाव, पत्ता)*

*विषय: शिष्यवृत्ती स्वीकारत असल्याबाबत*
*संदर्भ: आपले पत्र क्र. (पत्रावरचा क्रमांक), दि. १८ ऑगस्ट*

*महोदय,*

*वरील पत्राने मला मंजूर केलेली शिष्यवृत्ती मी अट क्र. १ ते ६ सह स्वीकारत आहे.*

*पत्राची दोन्ही पाने मी व माझ्या आईने मराठीत समजून घेतली आहेत. दरवर्षी मिळणाऱ्या ४०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये बिनव्याजी परतफेडीचे आहेत, आणि चार वर्षांचे एकूण ८०,००० रुपये शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने दरमहा २,००० रुपयांच्या ४० हप्त्यांत मला फेडायचे आहेत, असे आम्ही समजतो. यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.*

*अट क्र. ४ प्रमाणे कळवते की मला राज्य शासनाकडून ट्युशन फी व परीक्षा फीची माफी मिळाली आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल व मेसचा खर्च त्यात येत नाही, तो आम्हाला स्वतः करावा लागतो आणि आपली रक्कम मी त्यासाठी वापरणार आहे. फीची पावती सोबत जोडली आहे. शासनाची फी माफी चालू ठेवण्यास आपली लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. याशिवाय मला दुसरी कोणतीही मदत मिळत नाही.*

*अट क्र. ६ चे हमीपत्र पहिल्या हप्त्यापूर्वी सादर करते.*

*आपण केलेल्या मदतीबद्दल आम्ही घरचे सगळे मनापासून आभारी आहोत.*

*आपली विश्वासू,*
*(मुलीची सही, पूर्ण नाव, कॉलेज, शाखा, वर्ष, मोबाईल)*
*(पालकाची सही, नाव, नाते)*

*सोबत: बोनाफाईड, फीची पावती, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स*

निर्वाह भत्त्याचा अर्ज निघाला तर याशिवाय मला दुसरी कोणतीही मदत मिळत नाही ही ओळ काढा आणि तिथे त्या योजनेचं नाव लिहून अर्ज केलाय, अजून मंजूर नाही, असं लिहा. आभाराचं वाक्य एकच ठेवा, मुलीच्या परिस्थितीबद्दल आणखी लिहावंसं वाटेल, बाबा समुद्रावर असतात वगैरे, ते अर्जात लिहून झालंय आणि त्यावरूनच निवड झालीय, इथे ते लिहिलं की फी माफीचा परिच्छेद वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

मुलगी रत्नागिरीत आणि तुम्ही मालवणात, तर दोन सह्या एका कागदावर आणायला वेळ कशाला घालवता, मुलीने हे स्वतःच्या हाताने लिहावं, सही करून स्कॅन तुम्हाला पाठवावा, तुम्ही तो बाजारात प्रिंट काढून त्यावर सही करा आणि पुन्हा स्कॅन करून तिला द्या, तिच्या ईमेलवरून जाऊ दे कारण अर्ज त्याच ईमेलवरून होता. शाईच्या दोन्ही सह्यांचा मूळ कागद शनिवारी ती घरी आली की करून स्पीड पोस्टने टाका, पावतीवरचा नंबर जपून ठेवा.

पासबुकाचं एक सांगते. तुमच्या फोटोत पासबुक विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं दिसतंय. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, तेव्हा जुन्या पासबुकावर छापलेला आयएफएससी कोड तसाच उतरवू नका, शाखेत जाऊन आज कुठला चालतो ते विचारा, आणि नवीन पासबुक किंवा शिक्क्याचं पत्र घ्या. चुकीच्या कोडवर पैसे परत जातात आणि ट्रस्टकडून पुन्हा पाठवायला महिना दोन महिने सहज जातात, तोवर मेसवाला थांबत नाही. खातं मुलीच्या एकटीच्या नावाचं आहे की तुमच्यासोबत जॉइंट, तेही बघा, पहिल्या अटीत तिचं स्वतःचं खातं म्हटलंय.

हमीपत्राची घाई नको, पण विसरूही नका. ते स्टॅम्पपेपरवर करायचंय, आणि १०० चा स्टॅम्प आता अशा करारनाम्याला चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. जामीनदार म्हणून तुम्ही कणकवलीच्या भावाचं नाव सुचवलंत, ते पगारदार आहेत, घराबाहेरचे आहेत, अटीत बसतात. पण त्यांना नुसती सही कर म्हणून कागद पुढे करू नका. मुलीने हप्ते थकवले तर ट्रस्ट आधी मुलीच्या मागे लागून मग भावाकडे येईल असं नसतं, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, ट्रस्ट सरळ त्यांच्याकडे मागू शकतो. तेव्हा त्यांना माझं हे भाषांतर आणि मूळ पत्र दोन्ही दाखवा, ८०,००० हा आकडा तोंडाने सांगा, आणि पाचव्या अटीत मधेच सोडलं तर तोपर्यंत मिळालेली सगळी रक्कम परत असते हेही सांगा, कारण तेव्हा आकडा ८०,००० च्या वर जाऊ शकतो. समजा तिसऱ्या वर्षाचे पैसे मिळाल्यावर शिक्षण सुटलं तर १,२०,००० एकदम, तीन महिन्यांत. हे ऐकून त्यांनी दोन दिवस मागितले तर द्या, बायकोशी बोलू दे त्यांना.

आणि कॉलेज बदलायचं मनात असेल, पुढच्या राऊंडला किंवा दुसऱ्या वर्षी मुंबई-पुण्याला, तर ते आत्ता मुलीकडून काढून घ्या. बदलणं बंद नाही, न कळवता बदलणं बंद आहे.

परवानगीचं उत्तर लेखी आलं की त्याची झेरॉक्स हमीपत्राला जोडा. फोनवर कुणी हो हो चालेल म्हटलं तर त्यांना त्याच ईमेलवर एक ओळ पाठवायला सांगा. आणि परवानगी यायच्या आधीच पहिला हप्ता खात्यात पडला तर हॉस्टेलची फी भरा, पावती घ्या, पण ऑफिसला ईमेल करून विचारल्याशिवाय उरलेल्या पैशाला हात लावू नका.